पदोन्नतीत डावललं: आयोगाकडे जावं की मॅटमध्ये?

राज्य शासनाच्या कार्यालयात अनुसूचित जातीचा एक वरिष्ठ लिपिक आहे असं धरू. सेवाज्येष्ठता यादीत तो वर असूनही 10 जून 2025 च्या पदोन्नती आदेशात त्याच्यामागची दोन नावं लागली. कारण तोंडी सांगितलं गेलं: गोपनीय अहवाल कमी पडला. तो अहवाल त्याला कधी दाखवलेलाच नव्हता.

असा माणूस सहसा आधी अनुसूचित जाती आयोगाकडे धाव घेतो. तक्रार साध्या कागदावर चालते, वकील लागत नाही. घटनेच्या कलम 338 नुसार राष्ट्रीय आयोग अधिकाऱ्याला बोलावू शकतो, फाइल मागवू शकतो, आणि नुसत्या नोटिशीनेही कार्यालय हलतं. पण शेवटी हाती येते ती शिफारस. पदोन्नतीला स्थगिती देण्याचा अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच स्पष्ट केलं आहे.

महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, आदेश रद्द करू शकतं आणि समितीला फेरविचार करायला लावू शकतं. स्वतःहून पदोन्नती मात्र ते सहसा बहाल करत नाही. इथे बाजू भक्कम आहे, कारण प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा देवदत्त प्रकरणातला 2008 चा निकाल आहे. माहिती अधिकारात स्वतःचे अहवाल मिळतात, इतरांचे बहुधा नाकारतात. मॅट मात्र ते मागवून घेऊ शकतं, आणि तुलना तिथेच उघडी पडते. वर गेलेल्या दोघांना प्रतिवादी करायला विसरू नये, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

खरी गोम मुदतीत आहे. आधी खात्याकडे लेखी निवेदन द्यावं लागतं. ते 1 जुलै 2025 ला दिलं आणि सहा महिने उत्तर आलं नाही, तर तिथून एक वर्ष मिळतं. आयोगाच्या तारखा चालू आहेत म्हणून हे घड्याळ थांबत नाही, आणि पुन्हा पुन्हा निवेदनं दिल्याने मुदत वाढत नाही. म्हणून माझ्या मते निवेदन आधी, मॅटची तयारी सोबत, आणि आयोग जोडीला.

अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा वेगळा. लोकांदेखत जातीवरून अपमान झाला असेल तर जरूर नोंदवा. नुसत्या डावललेल्या पदोन्नतीवर तो टिकणं अवघड.

खासगी नोकरीत मॅटचं दारच नाही, कारण कलम 16 शासनाला बांधतं, कंपनीला नाही. 2015 मध्ये मुंबईच्या एका हिरे निर्यात कंपनीने 'आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो' असं ईमेलमध्येच कळवलं. तेव्हा अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार झाली आणि पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. तो ईमेल नसता तर दाखवायला काहीच नव्हतं. म्हणून मुलाखतीनंतर फोनवर 'नाही' कळवलं, तर त्याच दिवशी ईमेल करून कारण लेखी मागा.