फोटोवरून रंगांचं कार्ड करून घेतलं : मार्च ते दिवाळीचा अनुभव

मार्चमध्ये चेहऱ्याचा फोटो पाठवून मला कोणते रंग शोभतील याचं कार्ड करून घेतलं. कुणाकडून ते सांगत नाही, कारण असं करून देणाऱ्या बऱ्याच जणी आहेत आणि पद्धत साधारण एकच. फोटोत तीन गोष्टी बघतात: कातडीची झाक पिवळसर की गुलाबी-निळसर, केस आणि चेहरा यांत गडद-फिक्याचा फरक किती, आणि रंग झळझळीत चालतात की मळकट.

माझ्या कार्डावर मोहरी, विटकरी, शेवाळी, मेंदी असे रंग आले. झाक पिवळसर, असा निकाल. विटकरी कुर्ता घालून शाळेत गेले तर स्टाफरूममध्ये दोघींनी विचारलं, "मॅडम, बरं नाही का?"

फोटो पुन्हा उघडून बघितला. आमच्या जालन्याच्या घराच्या हॉलला पिस्ता रंगाचा ऑइलपेंट आहे आणि मी भिंतीला खेटूनच उभी होते. खिडकीचा उजेड भिंतीवर पडून हिरवट होऊन गालावर आलेला. खूण सोपी आहे: डोळ्यातला पांढरा भाग आणि दात बघा. तेच पिवळट-हिरवट दिसत असतील तर कातडीबद्दल त्या फोटोवरून काहीच बोलू नये. त्यात मोबाईलचा ब्यूटी मोड आपणहून चेहरा उजळतो, म्हणजे गडद-फिक्याचा हिशोबही बिघडतो.

दुसरा फोटो असा काढला: सकाळी दहाच्या सुमारास ओसरीवर, सावलीत, मागे पांढरी चादर, ब्यूटी मोड बंद, आणि हनुवटीखाली कोरा पांढरा कागद. सावलीतला उजेड आकाशामुळे थोडा निळसर असतो, त्यासाठीच कागद. Snapseed या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये White Balance उघडून, ड्रॉपरचं चिन्ह दाबून ठिपका कागदावर नेला की कागद पांढरा होतो आणि त्याबरोबर चेहराही जागेवर येतो. फक्त कागदावर ऊन नको. तो फटफटीत पांढरा झाला तर त्यात मोजायला रंगच उरत नाही. झाक बघायची ती गालावर नाही, जबड्याखाली मानेवर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्कूटीवर तोंड रापतं आणि मान स्कार्फखाली राहते. या फोटोत माझी मान स्पष्ट गुलाबीकडे झुकलेली दिसली. माणूस तेच, निकाल उलटा.

फोटोवरून सगळ्यात भरवशाचं कळतं ते झाक नव्हे, तर गडद-फिकं. फोटो कृष्णधवल करा. माझे केस काळेभोर, चेहरा मधला करडा, आणि मेंदी कुर्ताही नेमका तेवढाच करडा. चेहरा आणि कापड एक होऊन जातं, म्हणून माणूस थकलेला वाटतो. गडद जांभळा किंवा मोतिया घेतला की चेहरा सुटा दिसतो. सावळ्या रंगाला फिकं चालत नाही असं आमच्या आत्याबाई अजून म्हणतात. मोतिया ओढणीतला माझा फोटो दाखवल्यापासून जरा गप्प आहेत.

कापड चेहऱ्याला काय करतं ते आरशातही दिसतं. खिडकीसमोर बसून पोपटी सिल्कची ओढणी गळ्याशी धरली तर हनुवटीखाली हिरवट सावली पडते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उठून दिसतात. राणी रंगाची धरली तर तिथेच कोवळा गुलाबी उजेड येतो. चकाकतं कापड जास्त रंग फेकतं, सुती कमी. शिवाय शेजारच्या रंगाने रंग बदलल्यासारखा दिसतो ते वेगळंच. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचं खातं सांभाळणाऱ्या शेव्हरल या रसायनतज्ज्ञाने 1839 मध्ये यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कोणत्या वर्णाला कोणत्या रंगाचं वस्त्र याचीही चर्चा आहे.

साडीला मात्र कार्ड अपुरं पडतं. चेहऱ्याशी येतो तो ब्लाउजचा गळा आणि खांद्यावरचा काठ-पदर, अंगाचा रंग खाली राहतो. लग्नातली मोहरी साडी मी डाळिंबी ब्लाउजवर नेसायला लागले, आता कुणी तब्येत विचारत नाही. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव होते. फोटोत त्यातली एकच छटा पकडली जाते. दिवाळीला संभाजीनगरच्या गुलमंडीत अशीच निळी-जांभळी घेतली, तेव्हा दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखालून दारात नेऊन खांद्यावर टाकून बघितली. दुकानदार काकांनी कुरकुर केली, पण घडी मोडू दिली.

कार्डाचे पैसे वसूल झाले का? झाकेच्या बाबतीत नाही. कार्ड करून घेणारच असाल तर कागद धरलेला फोटो पाठवा आणि आधी विचारा, की त्या मान बघतात की गाल.