कामं पुढे ढकलणाऱ्यांसाठी ‘एक ओळ, एक पाऊल’: काही महिन्यांच्या वापरानंतर

मैत्रिणीने पाठवलेली आठवण करून देणाऱ्या ओळींची ही मालिका मी फोनच्या कॅलेंडरमध्ये लावून घेतली. ठरलेल्या वेळी एक ओळ येते आणि तिच्याखाली एक छोटंसं पहिलं पाऊल असतं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आयकर रिटर्नला, म्हणून त्याबद्दलच सांगते.

सुरुवातीला ओळ होती, “३१ जुलै येतोय, रिटर्नला लागा.” खाली पाऊल लिहिलं होतं, ‘कागदपत्रं जमवा’. याने काहीच हललं नाही. कागदपत्रं जमवणं हे पाऊल नव्हेच, त्याच्या पोटात दहा कामं आहेत. मग मी ते बदलून घेतलं: “आज रिटर्न भरायचं नाही, फक्त एक फाइल उतरवायची.” पाऊल: आयकर पोर्टलवर लॉगिन करून एआयएसची, म्हणजे आपल्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या आणि व्यवहारांच्या नोंदींची, पीडीएफ उतरवा आणि लॅपटॉप मिटा. फाइलचा पासवर्ड, म्हणजे छोट्या अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, कसा टाकायचा तेही तिथेच लिहून ठेवलं. कारण अशा एका फुटकळ अडचणीवरच आपण “उद्या बघू” म्हणून उठतो. फाइल उघडली तर विसरलेल्या मुदत ठेवीचं व्याज समोर दिसलं, आणि बँकेचं स्टेटमेंट मी त्याच बैठकीत काढलं. ते कुणी सांगितलं नव्हतं.

पाऊल कधी संपलं हे डोळ्यांना दिसलं पाहिजे, हा माझा निकष झाला. ‘विचार करा’, ‘आढावा घ्या’ अशी पावलं मी सरळ काढून टाकली. वेळेचंही तसंच आहे. ‘सकाळी’ असं मोघम ठेवलेलं टळतं, ‘चहाचा कप खाली ठेवला की’ हे टळत नाही. अमुक घडलं की तमुक करायचं, असं आधीच ठरवून ठेवण्यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी बरंच काम केलंय. मालिकेतल्या कामी आलेल्या ओळी नेमक्या याच धाटणीच्या आहेत.

सर्वांत मोलाची ओळ शेवटची निघाली: “भरलं म्हणजे झालं नाही.” पाऊल: आधार ओटीपीने पडताळणी करा. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ही पडताळणी लागते, आणि सुटल्याच्या आनंदात नेमकी तीच राहून जाते. माझ्या भावाला मी एवढी एकच ओळ पाठवली.

उणीव म्हणाल तर ओळी लवकर शिळ्या होतात. तीच ओळ रोज आली की बोट वाचायच्या आधीच ती बाजूला सारतं, त्यामुळे शब्द बदलत राहावे लागतात. आणि काम कसं करायचं हेच माहीत नसेल तर कितीही छोटं पाऊल पुरत नाही. शेअर विक्रीचा नफा कुठल्या रकान्यात दाखवायचा यावर मी अडले होते. तिथे पाऊल बदलून ‘सीएंना हा एक प्रश्न पाठव’ केलं, तेव्हा गाडी पुढे सरकली.