घरच्या निव्वळ मालमत्तेचा तक्ता: 31 मार्च, दिवाळी पाडवा की मे अखेर?

एका बाजूला मत्ता, दुसऱ्या बाजूला देणी आणि खाली वजाबाकी, हा निव्वळ मालमत्तेच्या तक्त्याचा साचा बहुतेकांना माहीत असतो. तो वहीत मांडावा की संगणकावर, याबद्दलही बरेच बोलले जाते. माझ्या अनुभवात मात्र त्याहून महत्त्वाचा निर्णय वेगळाच आहे, आणि तो म्हणजे हा तक्ता वर्षातून कोणत्या दिवशी मांडायचा. केवळ पगारावर चालणाऱ्या घराला हा प्रश्न फारसा छळत नाही. पण लातूर, धाराशिव, परभणी, हिंगोली या पट्ट्यात अशी असंख्य घरे आहेत की ज्यांत एक पगार येतो, पाच-सहा एकर जिरायत असते, सोसायटीचे पीक कर्ज असते आणि शहरातल्या घराचे हप्तेही चालू असतात. आमचे घर त्यांतलेच. अशा घरात तारीख बदलली की तक्त्यातल्या ओळी बदलतात, आणि मागच्या वर्षाशी तुलना करायची तर त्या ओळींवर विश्वास ठेवता आला पाहिजे.

तीन तारखा प्रामुख्याने विचारात येतात. पहिली 31 मार्च, दुसरी दिवाळी पाडवा आणि तिसरी 31 मे. या तिन्ही तारखांना मी आमच्या घरचा तक्ता मांडून पाहिला आहे.

पाडव्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. मोंढ्यातले व्यापारी त्या दिवशी नवी वही घालतात, घरातली सगळी माणसे गावी एकत्र आलेली असतात, आणि भावाभावांतल्या देण्याघेण्याची आठवण एकमेकांसमोर ताजी करता येते. परंतु ही तारीख एका जागी राहत नाही. 2022 मध्ये पाडवा 26 ऑक्टोबरला होता, 2023 मध्ये 14 नोव्हेंबरला, 2024 मध्ये 2 नोव्हेंबरला आणि 2025 मध्ये 22 ऑक्टोबरला. म्हणजे अधिक मास आला की तक्त्याचे वर्ष 384 दिवसांचे होते आणि एरवी साधारण 354 दिवसांचे. पगारी घरात हा एका महिन्याचा फरक एक हप्ता आणि एक पगार एवढाच ठरेल, पण शेतीच्या घरात त्याच महिन्यात सोयाबीनची रास होते. एका वर्षी माल पोत्यांत भरलेला असतो, दुसऱ्या वर्षी तो शेतातच उभा असतो. शिवाय भरलेल्या मालातही ओल असते, ओलीपोटी आडतीवर भावात किती कापले जाईल हे विकेपर्यंत कळत नाही, आणि हमीभाव धरून किंमत लावावी तर त्या भावाने खरेदी होईलच याची शाश्वती नसते. तूर फुलोऱ्यात असते, कापसाची वेचणी अर्धवट असते आणि कृषी सेवा केंद्राची खत-औषधांची उधारी बहुधा फिटायची असते. ज्यांची शेती पूर्णपणे खंडाने दिलेली आहे आणि वर्षाला ठरावीक रक्कम हाती येते, त्यांना पाडवा चालू शकेल. इतरांनी या तारखेला तक्ता मांडला, तर मत्तेची निम्मी बाजू अंदाजाने भरावी लागते.

31 मार्च ही तारीख कागदपत्रांच्या दृष्टीने निःसंशय सोयीची आहे. गृहकर्जाचे व्याज आणि मुद्दल दाखवणारे प्रमाणपत्र त्याच तारखेचे असते, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब त्याच वर्षाचा असतो, प्राप्तिकराचे वर्षही तेच. सरकारी नोकरीत असणाऱ्यांना मत्ता व दायित्वाचे विवरणपत्र 31 मार्चच्या स्थितीनुसार द्यावे लागतेच, त्यामुळे त्यांचे अर्धे काम आधीच झालेले असते. तुरीचा बराचसा माल तोवर विकलेला असतो आणि हरभराही निघालेला असतो. कोणी मला विचारल्याशिवाय, या तारखेवरून हला असे मी म्हणणार नाही.

तरीही मी हललो, आणि त्याला कारण एकच: पीक कर्जाचे नवं-जुनं.

खरिपाचे पीक कर्ज 31 मार्चपर्यंत परत केले तर तीन लाखांपर्यंतच्या रकमेला व्याजाची सवलत मिळते. ही सवलत हातची जाऊ नये म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावोगाव पैशांची जुळवाजुळव होते. कोणी पाहुण्यांकडून घेतो, कोणी आडतीवरून उचल आणतो, कोणी शेकडा दोन रुपयांनी सावकाराकडून काढतो. कर्ज भरले जाते, एप्रिलमध्ये तेच कर्ज वाढीव मर्यादेने पुन्हा मिळते आणि त्यातून हातउसने फेडले जाते. परिणामी 31 मार्च हा असा दिवस ठरतो की ज्या दिवशी सोसायटीच्या कागदावर देणे शून्य असते आणि तेच देणे कोणत्याही कागदावर नसलेल्या हातउसन्यात लपलेले असते.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा पीक कर्ज 2,40,000 रुपयांचे होते. त्यातले 1,00,000 रुपये सोयाबीनच्या पट्टीतून भरले आणि 1,40,000 हातउसने आणून भरले. 31 मार्चला बँकेत 35,000 शिल्लक आहेत. या तीन ओळींचीच वजाबाकी केली तर 35,000 उणे 1,40,000, म्हणजे उणे 1,05,000. एप्रिलच्या मध्यावर 2,60,000 चे नवे कर्ज मिळाले, हातउसने 1,40,000 आणि पंधरा दिवसांचे 1,400 व्याज परत केले. उरलेले 1,18,600 खात्यात गेले आणि शिल्लक 1,53,600 झाली. पगार आणि घरखर्च बाजूला ठेवला, तर 31 मेची वजाबाकी 1,53,600 उणे 2,60,000, म्हणजे उणे 1,06,400 येते. दोन तारखांतला फरक नेमका त्या 1,400 रुपयांचा आहे.

म्हणजे प्रामाणिकपणे मांडले तर उत्तर दोन्ही तारखांना जवळपास सारखेच येते, हे मान्य केले पाहिजे. अडचण वजाबाकीची नसून पुराव्याची आहे. 31 मेची देण्याची ओळ कर्जाच्या उताऱ्यावरून उतरवता येते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा पाहून पडताळता येते. 31 मार्चची ओळ मात्र केवळ आठवणीवर उभी असते. ती पैसे आणणाऱ्याला आठवते, तक्ता लिहिणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही, आणि एकत्र कुटुंबात ही दोन माणसे पुष्कळदा वेगळी असतात. ती एक ओळ गळाली की वरच्या उदाहरणातले घर उणे 1,05,000 ऐवजी अधिक 35,000 दिसते. शिवाय हातात सोसायटीचे बेबाकी प्रमाणपत्र असल्यामुळे ते खरेही वाटते. पुढच्या वर्षी तीच ओळ कोणी लिहिली, तर घर एका वर्षात लाखाहून अधिक खाली गेल्यासारखे दिसेल, जेव्हा प्रत्यक्षात काहीच बदललेले नसेल. अशी गळती शोधायची असल्यास एक खूण आहे. सोयाबीनची विक्री आणि खात्यातून झालेली कर्जफेड या दोन रकमा शेजारी लिहाव्यात. फेड विक्रीहून मोठी असेल आणि बचत किंवा ठेव तेवढी घटलेली नसेल, तर मधली रक्कम कुठून तरी आलेली आहे.

31 मेला ही धावपळ संपलेली असते. तूर, हरभरा, कापूस यांचा बहुतेक पैसा आलेला असतो, मृगाची पेरणी व्हायची असते, आणि भाव वाढेल म्हणून राखलेले सोयाबीन असेलच तर ते वाळलेले व मोजलेले असते. त्याला त्या आठवड्यातला बाजारभाव लावावा, त्यातून हमाली-तोलाई वजा करावी आणि हमीभावाचा विचार सोडून द्यावा. बियाणे-खताची पोती आणून ठेवली असतील तर ती खरेदीच्या किमतीने मत्तेत धरावीत. बँकेची शिल्लक, गृहकर्जाची बाकी, म्युच्युअल फंडांचे विवरण या गोष्टी हव्या त्या तारखेच्या मिळतात, त्यामुळे 31 मार्चचा कागदपत्रांचा फायदा पूर्वीइतका उरलेला नाही. या तारखेलाही दोष आहेत. लग्नसराईने बचत खाते रोडावलेले असते, भविष्य निर्वाह निधीचे व्याज खात्यात दिसायला वेळ लागतो, आणि बँकेने पीक कर्ज रखडवले तर हातउसने मेअखेरही फिटलेले नसते. पण दोन महिने रखडलेले हातउसने घरात सगळ्यांना ठाऊक झालेले असते, ते विसरले जात नाही.

तारीख कोणतीही निवडली तरी दोन ओळींबाबत एक पथ्य पाळावे, असे मला वाटते. जमीन आणि राहते घर यांची किंमत दरवर्षी बदलू नये. वडिलांच्या नावावरची, वाटणी न झालेली जमीन आपल्या तक्त्यात धरूच नये, फार तर तळटीप द्यावी. जी स्वतःच्या नावावर आहे तिला एक किंमत लावून ती ओळ बेरजेच्या खाली वेगळी ठेवावी, नाहीतर शिवाराजवळून रस्ता जाणार या बातमीनेच घर श्रीमंत होते आणि वाढलेले कर्ज त्याखाली झाकले जाते. सोने तोळ्यांत लिहावे, घडणावळ सोडून त्या दिवसाचा भाव लावावा, आणि त्यातले पत्नीचे किती हे शेजारी नोंदवावे. मग वर्षाचा बदल काढताना भाववाढीचा हिस्सा वेगळा करता येतो: आठ तोळे सोने आहे आणि तोळ्यामागे 20,000 वाढले असतील, तर निव्वळ मालमत्तेतली 1,60,000 ची वाढ ही आपली बचत नव्हे. उरलेली वाढ ही गृहकर्जाचे फिटलेले मुद्दल आणि वर्षात टाकलेली बचत यांच्या बेरजेशी साधारण जुळली पाहिजे. फार फरक पडला तर एखादी ओळ सुटलेली आहे असे समजावे आणि शोध बहुधा हातउसन्यापासून सुरू करावा.

ज्यांचा 31 मार्चचा तक्ता आधीपासून आहे आणि जे मे अखेरीस यायचे म्हणतात, त्यांनी त्या एका वर्षी दोन्ही तारखांचे रकाने भरावेत. मार्चच्या रकान्यात हातउसन्याची ओळ माणसागणिक लिहावी, मेच्या रकान्यात त्यांतले कोणते फिटले ते पाहावे, आणि नव्या मालिकेची सुरुवात मेच्या आकड्यापासून करावी. जुने रकाने मे महिन्याशी जुळवण्यासाठी मागे जाऊन बदलू नयेत. त्या वर्षीची तुलना चौदा महिन्यांची आहे, एवढी नोंद रकान्याच्या माथ्यावर करून ठेवली की पुरते.