‘नवी’ म्हणून विकलेली झिजलेली एसएसडी आणि वाचनालयाचे गेलेले स्कॅन

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या ज्या संस्था आपली जुनी कागदपत्रे स्कॅन करून ठेवत आहेत, त्यांना सावध करण्यासाठी हे लिहीत आहे. खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयाने जुनी इतिवृत्ते, हस्तलिखित अंक आणि सभासदांच्या घरांतून मागून आणलेले फोटो स्कॅन करून एका हार्ड डिस्कवर साठवले होते. बेळगावच्या बाजारपेठेतील एका दुकानदाराने ही डिस्क ‘जुनी झाली, केव्हाही बसेल’ असे सांगून बदल्यात घेतली आणि सगळे स्कॅन ४८० जीबीच्या ‘नव्या’ एसएसडीवर उतरवून दिले. “सर, ह्याच्यात फिरणारं काही नाहीच, तर बिघडायचं काय? कपाटात टाका, दहा वर्षं बघायला नको,” हे त्याचे शब्द होते.

त्याने दुकानातच आमच्यासमोर दोन्हींवरचा एकच फोल्डर उघडून दाखवला. हार्ड डिस्कवर छोटी चित्रे एकेक करून उमटत होती, एसएसडीवर ती लगेच आली. हा फरक खरा आहे आणि त्याचे कारणही सरळ आहे. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक आधी तबकडीच्या योग्य पट्ट्यावर सरकावे लागते आणि मग हवी ती जागा टोकाखाली फिरून येण्याची वाट पाहावी लागते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कमध्येही या दोन्हींना मिळून सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. एसएसडीत काहीच सरकत नसल्यामुळे तेच काम सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास होते. सलग मोठी फाईल वाचताना हा फरक तीन-चार पटींवर येतो. हजारो छोट्या फायलींच्या बाबतीत मात्र तो डोळ्यांना दिसतो. पण वेगाचे हे प्रात्यक्षिक एसएसडीच्या झिजेबद्दल काहीही सांगत नाही, आणि फसवणूक नेमकी तिथेच आहे. आयुष्य संपत आलेली एसएसडीसुद्धा नुकतेच लिहिलेले नव्यासारखेच झपाट्याने वाचते.

वर्ष उलटून गेल्यावर वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ती एसएसडी कपाटातून काढली. फोल्डरांची नावे नीट दिसली, पण फायली कॉपी होण्याचा वेग घसरत घसरत सेकंदाला दोन-तीन एमबीवर आला आणि मग वाचनाच्या चुका येऊ लागल्या. एका सभासदाचा मुलगा बेळगावात डेटा परत मिळवण्याचे काम करतो. त्याने सर्वांत आधी डिस्कची स्वतःची नोंदवही वाचली. ती प्रत्येक डिस्कमध्ये असते आणि फुकट मिळणाऱ्या प्रणालीने कोणालाही वाचता येते:

```
smartctl -a /dev/sdb
```

`Power_On_Hours` या ओळीत ३१,००० च्या वरचा आकडा होता, म्हणजे ही ‘नवी’ वस्तू साडेतीन वर्षांहून अधिक काळ चालू राहिलेली होती. `Total_LBAs_Written` या ओळीत सुमारे ५८,६०० कोटी होते. या डिस्कमध्ये हे एकक ५१२ बाइटचे असल्यामुळे गुणाकार केल्यावर जवळजवळ ३०० टीबी लिखाण निघते, आणि त्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेली मर्यादा त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. (काही कंपन्या याच ओळीत वेगळे एकक वापरतात, म्हणून मॉडेलची माहिती पाहिल्याशिवाय हा गुणाकार करू नये.) शिवाय पडद्यावर दिसणारा सिरियल क्रमांक आणि वरच्या लेबलवरचा क्रमांक जुळत नव्हते. लेबलचा एक कोपरा नखाने उचलल्यावर खाली आधीच्या लेबलचा वाळलेला गोंद दिसला, आणि जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर वारंवार आत-बाहेर केल्याच्या बारीक रेघा होत्या.

झिजेमुळे डेटा का गेला, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. एसएसडीत प्रत्येक पेशीत विद्युत्भार कोंडून माहिती साठवली जाते. सध्याच्या बहुतेक एसएसडींत एका पेशीत तीन बिट असतात, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखाव्या लागतात. प्रत्येक वेळी पुसताना आणि लिहिताना पेशीभोवतीचा अतिपातळ रोधक थर थोडा खराब होतो, आणि मग त्यातून भार हळूहळू झिरपू लागतो. पातळ्या सरकल्या की एसएसडीतला नियंत्रक पुन्हा पुन्हा वेगळ्या विद्युत्दाबाने वाचून चुका दुरुस्त करू पाहतो. आमचा वेग त्यामुळेच आधी घसरला आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर गेल्यावर फायली गेल्या. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची अट अशी आहे की घरगुती वापराच्या एसएसडीने लिखाणाची पूर्ण मर्यादा संपल्यानंतर, वीज न देता, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवावा. साठवणुकीचे तापमान वाढले की ही मुदत कमी होते. आमचे कपाट लोखंडी आणि छप्पर पत्र्याचे. एप्रिल-मे महिन्यांत तिथे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. खरोखर नवी, फारशी न लिहिलेली एसएसडी यापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकते, म्हणून ‘एसएसडी कपाटात ठेवली की डेटा जातोच’ असा अर्थ कोणी घेऊ नये. पण ‘दहा वर्षं बघायला नको’ ही खात्री नव्या एसएसडीबद्दलही कोणी देऊ शकत नाही.

आमच्याकडून घेतलेली हार्ड डिस्क या कामासाठी अधिक योग्य होती, याचे मला अधिक दुःख आहे. तबकडीवरचे चुंबकत्व वीज नसतानाही वर्षानुवर्षे राहते आणि लिखाणाने तबकडी पेशीसारखी झिजत नाही. हार्ड डिस्क जाते ती यंत्र म्हणून: टोक बिघडते, मोटर अडकते, पडून मार बसतो. डिस्क देण्याआधी ग्रंथपालांनी काढून ठेवलेल्या अहवालात `Reallocated_Sector_Ct` आणि `Current_Pending_Sector` या दोन्ही ओळींत शून्य आहे, म्हणजे ती बिघडू लागल्याची या नोंदीत तरी कोणतीही खूण नव्हती. दुकानदाराने ती परस्पर विकून टाकली होती.

एसएसडीवरून इतिवृत्ते जवळजवळ सगळी परत मिळाली. हस्तलिखित अंक मूळ स्वरूपात आमच्याकडे आहेत, ते पुन्हा स्कॅन होत आहेत. फोटो मात्र घरोघरी परत गेले होते आणि त्यांतले काही आता त्या घरांतही सापडत नाहीत.

एसएसडी विकत घेताना वरचा अहवाल दुकानातच, डेटा भरण्याआधी, काढून घ्यावा. नव्या डिस्कवर चालू राहिलेले तास एक-दोन आकड्यांत असतात. मात्र हे आकडे पुसून शून्य करणारेही लोक आहेत, म्हणून पडद्यावरचा सिरियल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमीची तारीख पाहावी आणि तोच क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. आमच्या बिलावर फक्त ‘एसएसडी १ नग’ एवढेच होते, आणि ‘ही माझ्या दुकानातली नाहीच’ असे म्हणायला दुकानदाराला तेवढे पुरले. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क लागत नाही. १९१५ या क्रमांकावर आधी मार्गदर्शनही मिळते. आमची तक्रार दाखल झाली असून लेबल, अहवालाची छापील प्रत आणि ती एसएसडी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे. नवे स्कॅन आता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत राहतात, आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही चालू करून सर्व फायली वाचून पाहिल्या जातात.