जुन्या निकालांवर ‘सिद्ध’ झालेलं बेटिंग मॉडेल: आमची फसवणूक कशी झाली

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे फुटबॉलवर पैसे लावणं कायदेशीर आहे आणि बुकींना गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतो. पण ‘कुठे पैसे लावा’ हे सांगणाऱ्याला, म्हणजे टिप्स किंवा मॉडेल विकणाऱ्याला, असा परवाना लागत नाही. त्याने जाहिरातीत दाखवलेला नफा आधी कुणी तपासून पाहत नाही. मला ज्याने फसवलं तो याच फटीत धंदा करतो. नाव लिहीत नाही, कारण एकाच नावाने तो फार काळ राहत नाही. त्याची पद्धत मात्र नीट सांगतो. तीच पद्धत वापरून आयपीएलची मॉडेल्सही आपल्या लोकांना विकली जातात.

ऑगस्ट 2023 मध्ये मी वर्षाचे पैसे भरून त्याचं मॉडेल घेतलं. इंग्लिश चॅम्पियनशिप, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची लीग. 24 संघ, हंगामाला 552 सामने. मॉडेल ‘ड्रॉ’वर पैसे लावायला सांगायचं. नियमातले आकडे किंचित बदलून देतो, कुणाला ते वापरून पाहायचा मोह नको. यजमान संघाचा भाव, म्हणजे तो जिंकल्यास लावलेल्या एका पौंडाला परत मिळणारे पौंड, 2.14 ते 2.37 मध्ये असावा, त्याने मागचा सामना हरलेला असावा, महिना ऑक्टोबर ते फेब्रुवारी असावा आणि शुक्रवारचा सामना नसावा. पत्रकात लिहिलं होतं की 2014-15 ते 2019-20 या सहा हंगामांत या नियमाने 212 वेळा पैसे लावले असते तर लावलेल्या पैशांवर 27 टक्के नफा झाला असता. त्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक दावा होता: ‘2020 नंतर नियमाला हात लावलेला नाही, पुढचे तीन हंगाम प्रत्यक्ष चाचणीचे आहेत आणि तेही नफ्यात आहेत.’

माझा विश्वास बसला तो या दुसऱ्या वाक्यामुळे. जुन्या निकालांवर बेतलेला नियम त्याच निकालांवर चालणारच, हे आकडेवारीशी थोडाफार संबंध असलेल्या कुणालाही माहीत असतं. म्हणून काही हंगाम बाजूला ठेवून त्यांवर तपासलेलं मॉडेल खरं मानायचं, हा सर्वमान्य शिरस्ता आहे. त्याने नेमका तोच शिरस्ता खोटा करून विकला.

हंगाम सुरू झाला आणि फेब्रुवारीपर्यंत मॉडेल तोट्यात गेलं. ‘वाईट टप्पा आहे, धीर धरा’ असं उत्तर येत राहिलं. तेव्हा मँचेस्टरला राहणाऱ्या एका मित्राशी बोलणं झालं. त्यानेही त्याच माणसाकडून मॉडेल घेतलं होतं, पण 2021 च्या ऑगस्टमध्ये. मी नियम वाचून दाखवला तर तो म्हणाला, “अरे, माझ्याकडे हा नियम नाहीये. माझ्यात मागचा सामना ड्रॉ झालेला पाहिजे, आणि महिने नोव्हेंबर ते मार्च.” त्याने जुनं पत्रक पाठवलं. भावाची पट्टी वेगळी, महिने वेगळे, पण ‘2020 नंतर नियमाला हात लावलेला नाही’ हे वाक्य शब्दशः तेच. म्हणजे 2021 मध्ये तो वेगळाच नियम विकत होता. मग माझ्या नियमाची 2021-22 मध्ये प्रत्यक्ष चाचणी झाली कधी? ती झालीच नव्हती. दर वर्षी सगळे हंगाम समोर ठेवून नवा नियम शोधायचा, ‘चाचणी’च्या हंगामांतही नफा दाखवेल असा निवडायचा आणि जुनी तारीख घालून विकायचा, हा त्याचा उद्योग.

ओव्हरफिटिंग म्हणतात ते हेच. ते किती सहज होतं हे कळलं की अशी पत्रकं वाचायची नजर येते, म्हणून थोडा हिशोब मांडतो.

ड्रॉचा भाव साधारण 3.40 धरा. बुकीचा हिस्सा धरला तर डोळे मिटून पैसे लावणाऱ्याचा दीर्घ मुदतीत सुमारे 5 टक्के तोटा होतो. पण 212 वेळा पैसे लावल्यावर हाती येणारा आकडा बरोबर उणे 5 नसतो. निव्वळ नशिबाने तो वर-खाली होतो, आणि या भावाला 212 डावांत त्याचं प्रमाण विचलन सुमारे साडेदहा टक्के येतं. आता एकही अर्थ नसलेले हजार नियम तपासा. हजारांतला सर्वांत नशीबवान नियम सरासरीच्या साधारण सव्वातीन प्रमाण विचलन वर असतो. सव्वातीन गुणिले साडेदहा म्हणजे चौतीसच्या आसपास. त्यातून पाच वजा केले की उरतात अधिक 29 टक्के. कसलंही ज्ञान नसताना, फक्त हजार नियम चाळून. पत्रकातले 27 टक्के इथेच बसतात.

हजार नियम कुठून आले, असं वाटेल. भावाच्या दहा पट्ट्या, महिन्यांचे सहा गट, मागच्या सामन्याचे तीन निकाल, वारांचे तीन पर्याय, पाच लीग आणि यजमान, ड्रॉ, पाहुणे यांपैकी कशावर पैसे लावायचे ते तीन. गुणाकार 8100. त्यातले बरेच नियम एकमेकांसारखे असतात, म्हणून ते 8100 स्वतंत्र प्रयत्न धरता येत नाहीत, तरी हजाराचा अंदाज मुळीच चढा नाही. घरच्या लॅपटॉपवर हे काम काही मिनिटांत होतं. पत्रकात हरलेले हजारो नियम कधीच दिसत नाहीत. ‘हा नियम शोधताना एकूण किती नियम तपासले?’ हा प्रश्न मी त्याला लेखी विचारला. त्यावर उत्तर आलं नाही.

मग मी स्वतः तपासायला बसलो. football-data.co.uk वर इंग्लिश लीगचे जुने निकाल आणि बुकींचे भाव CSV मध्ये फुकट मिळतात. पहिली तपासणी सोपी: नियमाच्या कडा थोड्या हलवायच्या. 2.14 ते 2.37 ऐवजी 2.10 ते 2.40 घ्या, फेब्रुवारी काढा, शुक्रवार घ्या. बाजाराची खरी चूक सापडलेली असेल तर शेजारच्या पट्टीतही तिचा मागमूस असतो, नफा हळूहळू कमी होतो. 2.37 ला ड्रॉ जास्त होतात आणि 2.40 ला होत नाहीत, असं कारण फुटबॉलमध्ये असूच शकत नाही. माझ्याकडचा नियम एवढ्या हलवण्याने तोट्यात गेला. दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत कापलेल्या अशा पट्ट्या दिसल्या की तिथेच थांबावं.

दुसरी तपासणी मला सर्वांत पटलेली आहे. खरे निकाल पुसून टाकायचे आणि त्या जागी बुकीच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांनुसार खोटे निकाल भरायचे. `df` म्हणजे त्या CSV मधून वाचलेला तक्ता; त्यात `FTR` या स्तंभात सामन्याचा निकाल असतो आणि `B365` ने सुरू होणाऱ्या स्तंभांत बुकीचे भाव.

```python
import numpy as np
odds = ["B365H", "B365D", "B365A"]
df = df.dropna(subset=odds)
p = 1 / df[odds]
p = p.div(p.sum(axis=1), axis=0)
rng = np.random.default_rng()
df["FTR"] = [rng.choice(["H","D","A"], p=x)
             for x in p.values]
```

या बनावट निकालांत कसलंही गुपित दडलेलं नाही, कारण ते आपणच बुकीच्या भावांवरून घडवले आहेत. त्यांवर तोच नियमांचा शोध पुन्हा चालवायचा आणि सर्वांत चांगला नियम किती नफा दाखवतो ते पाहायचं. असे शे-दोनशे फेरे करावेत. बनावट निकालांतही शोधाला पंचवीस-तीस टक्क्यांचे नियम वरचेवर सापडत असतील, तर खऱ्या निकालांत सापडलेल्या 27 टक्क्यांना काहीच किंमत उरत नाही. माझ्याकडे ते वरचेवर सापडले.

तिसरी तपासणी पद्धतीची. 2016-17 पर्यंतचेच हंगाम वापरून उत्तम नियम निवडायचा आणि तो 2017-18 वर एकदाच चालवायचा. मग 2017-18 धरून नवा नियम निवडायचा आणि 2018-19 वर एकदाच. असं पुढे सरकत जायचं. निकाल पाहून मागे जाऊन काही बदललं की तो हंगाम चाचणीसाठी बाद, कारण आता तो तुमच्या निवडीत मिसळला. असं केल्यावर एकूण निकाल बुकीच्या हिश्श्याएवढ्या तोट्याजवळ येऊन थांबला.

यात 2020-21 वेगळा काढून पाहावा. त्या हंगामात बहुतेक सामने प्रेक्षकांविना झाले, आणि प्रीमियर लीगमध्ये तर यजमानांपेक्षा पाहुण्या संघांनी जास्त सामने जिंकले. एखाद्या नियमाचा नफा मुख्यतः त्या एका हंगामातून येत असेल तर तो भरलेल्या स्टेडियमबद्दल काही सांगत नाही.

आयपीएलची मॉडेल्स याहून वाईट असतात, कारण तिथे सामनेच कमी आहेत. 2008 ते 2024 मिळून सुमारे 1100, म्हणजे चॅम्पियनशिपचे दोन हंगाम. त्यातही सगळे सामने एका जातीचे नाहीत. 2020 चा हंगाम अमिरातीत झाला. 2022 चे साखळी सामने वानखेडे, ब्रेबॉर्न, डी. वाय. पाटील आणि पुण्याजवळचं गहुंजे एवढ्याच मैदानांवर झाले. त्या वर्षी चेन्नईला ‘घरचा संघ’ धरून काढलेला नियम चेपॉकबद्दल काय सांगणार? 2023 पासून इम्पॅक्ट प्लेयर आला आणि धावसंख्येचं गणित बदललं. तरीही ‘टॉस जिंकून, संध्याकाळी, या मैदानावर, 85 टक्के यश’ अशा जाहिराती टेलिग्रामवर फिरतात. असले चार निकष लावले की हाती पंधरा-वीस सामने उरतात. शिवाय भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. तिथे फसलेला माणूस तक्रार करायलाही कचरतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

कुणी मॉडेल आधीच घेतलं असेल तर हंगाम संपायची वाट पाहू नये. नफा-तोट्यावरून दोनशे डावांतही फारसं कळत नाही, ते वरच्या हिशोबात दिसलंच. तुम्ही ज्या भावाला पैसे लावले तो आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव यांची रोज नोंद ठेवा. त्या CSV मध्ये ड्रॉचा शेवटचा भाव `B365CD` या स्तंभात असतो. तुम्ही 3.40 ला लावलेत आणि बाजार वरचेवर 3.25 ला बंद होत असेल तर मॉडेलला काहीतरी दिसतंय. आमच्या बाबतीत शेवटचा भाव बहुतेक वेळा तेवढाच किंवा चढा निघाला, आणि ते पहिल्या दोन महिन्यांतच दिसत होतं.

बँकेमार्फत पैसे परत मागितले, पण मिळाले नाहीत. ‘सेवा पुरवली’ असं विक्रेत्याने बँकेला कळवलं आणि रोज येणारे ईमेल पुरावा म्हणून दाखवले. मग आम्ही दोघांनी मिळून सिटिझन्स ॲडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहक-संरक्षण खात्याकडे तक्रार पोचवली. तोट्याचे आकडे तिथे उपयोगी नाहीत, कारण तोटा कुणालाही होऊ शकतो. उपयोगी पडतात ती तारखेसकट जपलेली दोन पत्रकं: एकच दावा, दोन वेगळे नियम. ज्यांनी इथे ड्रॉचं असं मॉडेल वेगवेगळ्या वर्षी विकत घेतलं असेल त्यांनी आपला मूळ ईमेल आणि जोडलेली पीडीएफ पुसू नये, आणि आपापले नियम एकमेकांशी ताडून पाहावेत.