बी-12 कमी आलंय: दूध वाढवायचं, गोळी घ्यायची की इंजेक्शन?

इंदूरच्या रामबागेत राहणारे, 68 वर्षांचे, शाकाहारी काका धरा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दिवसाला 2 ग्रॅम, तेही दहा वर्षांपासून. ॲसिडिटीसाठी रोज उपाशीपोटी पँटोप्राझोल. तळपायांना मुंग्या येतात आणि रिपोर्टमध्ये बी-12 आलंय 140 पिकोग्रॅम. 200 च्या खाली कमीच समजतात. घरचे म्हणतात, "दूध वाढवा."

दुधाच्या एका मोठ्या पेल्यात साधारण 1 मायक्रोग्रॅम बी-12 असतं आणि रोजची गरज दोन-अडीचची. आकडा जमण्यासारखा आहे, अडचण पुढे आहे. अन्नातलं बी-12 प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सुटायला जठरातलं आम्ल आणि पेप्सिन लागतं. उतारवयात जठराचं अस्तर झिजून आम्ल घटतं, उरलेलं पँटोप्राझोल दाबतं. सुटलेलं बी-12 आधी लाळेतल्या एका प्रथिनाला धरतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचे पाचकरस ते प्रथिन तोडतात आणि मग इन्ट्रिन्सिक फॅक्टर बी-12 ला ताब्यात घेतो. हा जठराच्याच पेशींत तयार होतो. ही जोडी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचली, की तिथले ग्राहक, म्हणजे तिला पकडणारी पेशींवरची प्रथिनं, तिला पेशीत ओढून घेतात. आत इन्ट्रिन्सिक फॅक्टर मोडतो आणि बी-12 दुसऱ्या वाहक प्रथिनावर बसून रक्तात जातं. ग्राहकाशी जोडी जुळायला कॅल्शियम लागतं, आणि मेटफॉर्मिन तिथेच आड येतं असं मानतात. म्हणजे काकांची वाट दोन्ही टोकांना अडलेली. नुसतं दूध पुरणार नाही.

गोळीतलं बी-12 सुटंच असतं, त्यामुळे आम्लाचा प्रश्न मिटतो. मात्र इन्ट्रिन्सिक फॅक्टरची वाट एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेते. मोठा डोस चालतो तो वेगळ्या कारणाने: साधारण 1 टक्का बी-12 कोणाच्याही मदतीशिवाय आतड्यातून झिरपतं. 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतून 10 मिळाले, तरी गरजेच्या चौपट. मेटफॉर्मिन चालू असतानाही हे होतं. म्हणून लक्षणं नसतील, तर मी रोजची गोळीच निवडेन. पण ती चुकवून चालत नाही.

काकांना मात्र मुंग्या आहेत. अशा वेळी आधी इंजेक्शनं, कारण ती आतड्याला वळसा घालतात आणि नसांना थांबायला वेळ नसतो. साठा भरला, की डॉक्टरांशी बोलून गोळीवर येता येतं. इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्ध अँटीबॉडी निघाल्या, तर उपचार जन्मभर.

या मुंग्या सहज "शुगरमुळे" म्हणून सोडून दिल्या जातात. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी नसा बिघडू शकतात, म्हणून मेटफॉर्मिन घेणाऱ्याने अधूनमधून बी-12 तपासावं. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. पँटोप्राझोल अजून लागतं का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.