आठ महिने ३२ बिटमध्ये: पट्टे गेले, काळी कड मात्र उरली होती

आफ्टर इफेक्ट्समधले माझे सगळे कंपोझिट, म्हणजे एकावर एक थर रचून केलेले शॉट, गेले आठ महिने मी ३२ बिटमध्ये करतोय. सुरुवात झाली ती संध्याकाळच्या आकाशाच्या एका ग्रेडियंटमुळे. सुमारे २००० पिक्सेल रुंदीत रंग जेमतेम ४० पायऱ्या बदलत होता, म्हणजे एक पायरी ५० पिक्सेलची. ८ बिटमध्ये ते पट्टे डोळ्यांत खुपायचे. `Project Settings` मध्ये `32 bits per channel (float)` निवडलं आणि ग्रेडियंट तिथेच नव्याने काढला, तेव्हा आकाश सलग झालं. नव्याने काढणं इथे महत्त्वाचं आहे. पट्टे पडलेली ८ बिटची फाइल ३२ बिटच्या प्रोजेक्टमध्ये आणली तरी तिचे पट्टे तसेच राहतात.

त्याच शॉटमध्ये हिरव्या पार्श्वभूमीवर लाल फूल होतं आणि त्याच्या कडेची काळपट रेघ मात्र हलली नाही. मला वाटलं होतं की बिट वाढवले की तीही जाईल. पण तिचं कारण वेगळंच होतं. कडेच्या पिक्सेलमध्ये निम्मा लाल आणि निम्मा हिरवा मिसळतो. नेहमीचे ० ते २५५ चे आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतात, गॅमाच्या वक्रावर असतात. त्यांची सरासरी १२८, १२८, ० येते, आणि १२८ हा आकडा पडद्यावर फक्त २२ टक्के प्रकाश देतो. `Blend Colors Using 1.0 Gamma` चालू केल्यावर खऱ्या प्रकाशाची सरासरी निघाली, १८८, १८८, ०, आणि रेघ गेली.

मग ८ बिटमध्येच सगळं काम लिनिअर, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणातल्या आकड्यांत, का करू नये? करून पाहिलं. लिनिअरमध्ये गडद भागाला फार कमी आकडे मिळतात. गॅमातल्या पहिल्या ५० पायऱ्या तिथे जेमतेम ८ पायऱ्यांत कोंबल्या जातात, म्हणून सावल्यांत पुन्हा पट्टे दिसतात. मला बिट खरे लागले ते इथे.

एका शॉटमध्ये एवढं करूनही काळी कड राहिली. तो रेंडर काळ्यावर प्रीमल्टिप्लाय केलेला होता, म्हणजे त्याचे रंग अल्फाने, पारदर्शकतेच्या आकड्याने, आधीच गुणलेले होते, आणि मी तो `Straight`, म्हणजे न गुणलेला, म्हणून वाचत होतो. त्यामुळे पांढऱ्या कडेला अल्फा दोनदा लागून ०.५ चं ०.२५ होत होतं. `Interpret Footage` मध्ये `Premultiplied` करून काळा रंग दिला आणि काम झालं. उजळ पार्श्वभूमीचा रंग बदलला तरी कडेची काळी रेघ तशीच दिसली, तर आधी इथे बघा.

१.० गॅमाची सवय व्हायला मला वेळ लागला. पांढऱ्यावरची ५० टक्के काळी सावली फिकी दिसते, आणि जुना गडदपणा हवा असेल तर ती ७८ टक्क्यांपर्यंत न्यावी लागते. त्यामुळे जुने प्रोजेक्ट मी बदलत नाही. शिवाय ३२ बिट न झेपणाऱ्या इफेक्टशेजारी इशाऱ्याची खूण दिसते. तो इफेक्ट मधल्या साखळीत राहिला, तर पुढचा सगळा फायदा तिथेच संपतो.

शेवटी ८ बिट एच.२६४ काढताना पट्टे परत येतात. त्यासाठी मी सगळ्यात वर अगदी बारीक नॉइज ठेवतो. बिटरेट कमी असेल तर कॉम्प्रेशन तोही पुसून टाकतं, म्हणून मास्टर १० बिट प्रोरेसमध्येच जपतो.